पाठीवरची शिबं

माझ्या ऱ्हस्व-दीर्घाला आणि अक्षराला कोणी हसू नये. मी चौथीपर्यंत शिकले, आणि त्यातही धानाच्या रोवणीच्या दिवसांत शाळा बुडायचीच. आता हाताला पळी आणि उलथण्याची सवय. पेन धरला की ओळ बांधावरून घसरल्यासारखी खाली खाली जाते. हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही, पण चुकून कोणाच्या हाती लागलं तर अक्षराची माफी मागते. बाकी जे लिहिलं आहे त्याची मागणार नाही.

मी आमच्या गावच्या शाळेत पोषण आहार शिजवते. गाव सडक अर्जुनी तालुक्यातलं, कोहमाऱ्याच्या फाट्यावरून आत. आमच्या बचत गटाकडे शाळेचं स्वयंपाकाचं काम आहे. गटाची अध्यक्षीण आणि मी, अशा दोघी शिजवतो. अध्यक्षीण माझ्यापेक्षा वयानं मोठी, बोलायला खमकी. मी तिला बाई म्हणते. ती बोलते आणि मी ऐकते, असंच आमचं वर्षानुवर्षं चाललं होतं. गटाच्या बैठकीत माझा नंबर आला की मी "बाई म्हनते तेच" एवढंच म्हणायची, आणि सगळ्या हसायच्या.

स्वयंपाकखोली पत्र्याची. एक खिडकी, तीही धुरानं काळी. चुलीवर मोठा गंज, म्हणजे भाताचं पातेलं, चढला की पाठीवरून घामाच्या धारा लागतात. तांदूळ बाईंचे यजमान आणून टाकत. त्यांना मी भाऊजी म्हणते. ते पोतं उघड्या पाठीवर घेऊन यायचे, कमरेला पंचा, आणि दारातून ओरडायचे, "सरका व, तांदूळ आला." पोतं उतरवलं की त्यांच्या पाठीवर, खांद्यांवर पांढुरकं काहीतरी दिसायचं, पीठ उडाल्यासारखं. मला ती तांदळाची भुकटी वाटायची. सगळ्यांनाच वाटत असेल. हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं त्याचं काम आहे.

माझ्या अंगावर पहिला डाग उन्हाळ्यात आला, गळ्याच्या हाडाखाली. आधी एक, मग दोन, मग ते एकमेकांना जाऊन मिळाले. छातीवर तपकिरी, चहा सांडून वाळल्यासारखे. मानेवर आणि पाठीवर मात्र फिके, कारण मान आणि पाठीचा उघडा भाग उन्हानं काळा पडलेला. एकाच अंगावर दोन रंगांचे डाग पाहून मी जास्तच घाबरले. खाज फार नव्हती. घाम आला की चुरचुरायचं. आंघोळीत नखानं घासलं तर बारीक कोंडा निघायचा.

मी कोणाला दाखवलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी नवऱ्यासमोर दिव्यात कधी पदर पाडला नाही, तर दुसऱ्याला काय दाखवणार? मी गळाबंद ब्लाउज शिवून घेतले, कोपरापर्यंत बाह्यांचे, स्वस्तातल्या चमकत्या कापडाचे. त्यातून वारा म्हणून जात नाही. वरून पदर मानेभोवती गुंडाळायची. सासूबाई होत्या तेव्हा त्वचेच्या कशावरही करंजीचं तेल चोळायच्या, म्हणून मीही रात्री तेल चोळून तसाच ब्लाउज घालून झोपायची. जितकं झाकत गेले तितकं ते वाढत गेलं. पावसाळा आला, भादव्याची चिकचिक सुरू झाली, आणि डाग पाठीवर कमरेपर्यंत उतरले.

नवऱ्याला शेवटी कळलंच. तो कोहमाऱ्याला एका ढाब्यावर तंदूरवर असतो. त्यानं फाट्यावरच्या औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणून दिली.

"दुकानवाल्यानं म्हनलं, यानं सगळं साफ होते," तो म्हणाला.

"त्याले काय सांगतलं तुमी?"

"सांगतलं का बायकोले डाग हायेत."

"नाव त नाई सांगतलं?"

"माही बायको म्हनलं तर नाव कायले सांगाले पायजे?"

त्या ट्यूबनं चुरचुर थांबली. डाग मात्र पसरले.

मग सर्व्हे आला. आमच्याकडे कुष्ठरोगाचा सर्व्हे होतो, घरोघरी येऊन अंग तपासतात. आशाताई आमच्याच टोलीवरची, म्हणजे वस्तीतली, मला वहिनी म्हणणारी. सोबत एक माणूस होता, तो ओसरीवर थांबला आणि ताई मला आत घेऊन गेली.

"ब्लाउज काढा, वहिनी. पाठ पाह्यतो," ती म्हणाली. आमच्याकडे बायाही "पाह्यतो", "जातो" असंच बोलतात.

"काई नाई माह्या पाठीवर."

"मंग दाखवाले काय हरकत हाय?"

मी फक्त मानेवरून पदर सरकवला. तिनं टॉर्च लावून पाहिलं. तिला शिकवलं होतं की फिका चट्टा दिसला की नाव लिहायचं आणि दवाखान्यात पाठवायचं. तिनं तिचं काम केलं, तिच्यावर माझा राग नाही. ती म्हणाली, "घाबरू नका. हे चट्टे एक डाव डॉक्टरीणबाईले दाखवून द्या." पण ती हे दारात बोलली, आणि दारात बाईंची सून उभी होती, वाटीभर साखर मागायला आलेली.

संध्याकाळपर्यंत माझे चट्टे गावभर झाले. कोणी म्हणे कोड, कोणी म्हणे महारोग. विहिरीवर एकीनं माझी बादली टेकली ती जागा धुऊन काढली, माझ्यासमोर.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले तर बाई स्वयंपाकखोलीच्या दारात उभी. आत तिची सून तांदूळ धुत होती.

"तू काई दिवस घरीच राह्य," बाई म्हणाली.

"काऊन जी?"

"काऊन म्हनून मलेच इचारतेस? लेकराच्या तोंडात जाते ते अन्न. मायबाप शाळेत येऊन रायले. मी कोनाकोनाले तोंड देऊ?"

"दवाखान्यात जाऊन येतो ना मी."

"जाय ना. नाई कोन म्हनते? पन हात नको लावू कशाले."

तिनं माझी पळी सुनेच्या हातात दिली. लाकडी मुठीची पळी, मूठ मीच सुतळीनं बांधली होती. मला वाटलं काहीतरी बोलावं. तोंडातून नेहमीचंच निघालं, "बाई म्हनते तेच." आणि मी घरी आले. त्या वाक्याचा मला पहिल्यांदा संताप आला. डाग अंगावर होते त्याचा नाही आला, त्या वाक्याचा आला.

माझ्यासाठी ती चूल म्हणजे काय हे लोकांना कळत नाही. मी चौथी शिकले. माझ्या हातात दुसरं काही नाही. शाळेत माझ्या हातचं जेवून मुलं मोठी झाली, कॉलेजात गेली. ती रस्त्यात भेटली की "खिचडीवाली काकू" म्हणतात. गावात मला तेवढंच नाव आहे. ते कोणी माझ्या पाठीकडे बघून काढून घेणार असेल तर मी देणार नव्हते. लाजाळू असणं वेगळं आणि सोडून देणं वेगळं.

प्राथमिक आरोग्य केंद्रात मी एकटी गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पुण्याकडच्या बोलणाऱ्या. त्यांनी पडदा ओढला, मला स्टुलावर पाठमोरं बसवलं. पहिल्यांदा परक्या बाईसमोर मी पूर्ण पाठ उघडी केली. 

"डोळे मिटा. मी पेनाच्या टोकानं स्पर्श करीन. जिथं कळेल तिथं बोट ठेवा."

त्या डागावर टेकवायच्या, मी हात मागं नेऊन बोट ठेवायची. डागाबाहेर टेकवलं, तिथंही ठेवलं. प्रत्येक वेळी बरोबर. मग त्यांनी कोपराच्या मागची, गुडघ्याजवळची शीर चाचपली. मग एक काचेची पट्टी घेऊन डागावर हलकेच खरवडली आणि मला दाखवली. काचेवर पिठासारखा बारीक कोंडा.

"हा कुष्ठरोग नाही," त्या म्हणाल्या. "त्या चट्ट्याला बहुतेक स्पर्श कळत नाही. तुम्हाला सगळीकडे कळतो आणि शिरा जाड नाहीत."

"मंग कोड होय का जी?"

"कोड पांढरं फटक असतं आणि त्यावर असा कोंडा नसतो. ही साधी बुरशी आहे. ती सगळ्यांच्याच कातडीवर असते, माझ्यासुद्धा. घाम आणि तेल मिळालं की वाढते."

"मी तेल लावत होतो," मी म्हणाले.

"म्हणजे तुम्ही तिला रोज जेवायला घातलंत." त्या हसल्या. मलाही हसू आलं, रडत असताना.

"घरातल्या लोकाईले लागन का? शाळेतल्या लेकराईले?"

"नाही. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. स्वयंपाकाशी तर काहीच संबंध नाही. तुमच्याकडे याला काय म्हणतात? शिबं म्हणतात ना?"

शिबं! मी स्टुलावरून उठलेच. हा शब्द मला लहानपणापासून माहीत होता. माझी आई वडिलांच्या पाठीकडे बघून म्हणायची, शिबं आली वाटते, उन्हाचं काम झालं. शेजारचे हिंदी बोलणारे त्याला सेहुआ म्हणत. धानाच्या चुरणीत, मळणीच्या दिवसांत, अर्ध्या गावातल्या माणसांच्या पाठीवर ती असायची आणि कोणी दवाखान्यातही जात नसे. माणसाच्या पाठीवर असली की शिबं. बाईच्या मानेवर दिसली की कोड. मलाही ते नाव सुचलं नव्हतं, हे मी कबूल करते. मीही माझ्या अंगाला चट्टाच म्हणत होते.

डॉक्टरीणबाईंनी ट्यूब पाहिली आणि बाजूला ठेवून दिली. त्यातल्या एका औषधानं खाज दबते पण बुरशीला मोकळं रान मिळतं, असं म्हणाल्या. एक शाम्पू दिला. डोक्याचा दिसतो, पण लावायचा अंगाला, मानेपासून कमरेपर्यंत, थोडा वेळ ठेवून मग धुवायचा, सांगितले तेवढे दिवस. अंगाला तेल बंद. सुती, सैल कपडे, उन्हात वाळवलेले. घाम आला की पुसून कोरडं व्हायचं. आणि त्यांनी एक गोष्ट दोनदा सांगितली:

"बुरशी मेली तरी डाग लगेच जाणार नाहीत. रंग परत यायला काही महिने लागतात. लोक म्हणतील औषध लागलं नाही. ओळखायचं कसं? खरवडून कोंडा निघाला नाही तर ती मेली. आणि पुढच्या उन्हाळ्यात परत आली तर घाबरायचं नाही, परत धुवायचं."

हा रोग संसर्गजन्य नाही, कामाला हरकत नाही, असा कागद मी मागून घेतला. मागून घेतला, हे माझ्यासाठी मोठं होतं.

बाईनं कागद पाहिला. तिला वाचता येतं.

"कागदाले काय करू? मान त तशीच हाय तुही. लोक कागद पाह्यतीन का मान पाह्यतीन?"

"रंग यायले टाइम लागते म्हनलं डॉक्टरीणनं."

"मंग टाइम लागू दे. घाई काय हाय?"

मी घरी आले आणि शिंप्याकडे गेले. सुती कापड दिलं आणि सांगितलं, गळा मोठा ठेवा, पाठीचाही. शिंपी चष्म्यावरून बघायला लागला. "वहिनी, तुमी?" "हो, मी." तो ब्लाउज घालून मी पहिल्या दिवशी विहिरीवर गेले. डाग सगळे उघडे. एक म्हणाली, "काई लाज-शरम?" मी म्हणाले, "हवा लागू दे म्हनलं डॉक्टरीणनं. तुले पाह्यचं नसन तर पाठमोरी होय." मग मी घरी जाऊन दार लावून बसले. पण मी बोलले होते.

शाम्पू सांगितल्याप्रमाणे लावला. काही दिवसांनी खरवडून पाहिलं, कोंडा नाही. डाग तसेच पांढरे.

दिवाळीनंतर शाळेत पालकांची सभा झाली. गुरुजी टेबलाशी, आया सतरंजीवर, बाई पुढे. आशाताईही आली होती. मी सगळ्यात मागे बसले आणि पोषण आहाराचा विषय निघाला तशी उभी राहिले.  माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"गुरुजी, मले बोलाचं हाय."

"बोला, काकू."

"मले शिबं झाली होती. कोड नाई, महारोग नाई. शिबं."

सभेत कुजबुज झाली. एक आई म्हणाली, "असं कसं मानाव? अजून दिसतेच त."

मी कोपऱ्यातल्या केरसुणीतून एक काडी मोडून घेतली. पुढे गेले, बाईसमोर पाठ करून बसले आणि डोळे मिटले. "बाई, काडी लावा. पांढऱ्यावर लावा, काळ्यावर लावा. मी जागा दाखवतो. महारोगाच्या चट्ट्याले लावलेलं बहुतेक कळत नाई, इचारा आशाताईले."

"बराबर हाय," आशाताई म्हणाली. "आमाले तेच शिकवते."

बाई काडी घेईना. मग आशाताईनंच घेतली. ती टेकवत गेली, मी बोट ठेवत गेले. एक वेळ तिनं फसवायला टेकवलीच नाही, तर मी म्हणाले, "लावली नाई अजून." सतरंजीवर हसू फुटलं.

"खरवडून पाहा आता," मी म्हणाले. "कोंडा निघाला तर मी घरी जातो."

आशाताईनं नखानं घासलं. काही निघालं नाही.

नेमके तेव्हाच भाऊजी आले. दुसऱ्या दिवशीचा तांदूळ होता. उघडी पाठ, कमरेला पंचा, आणि दारातून हाक, "सरका व, तांदूळ आला!" पोतं दाणकन उतरवलं आणि घाम पुसायला आमच्याकडे पाठ केली.

मी उभी राहिले. "भाऊजी, थांबा जी जरा. ते पाठीवर काय होय?"

"कुठं? तांदूळ असन."

"आशाताई, पुसून पाह्य."

आशाताईनं पदरानं पुसलं. गेलं नाही. नखानं घासलं तर कोंडा भुरभुरला. भाऊजी मान वळवून स्वतःची पाठ बघायचा प्रयत्न करत गोल फिरले.

"अरे, ते त शिबं होत," ते म्हणाले. "माह्या बापालेबी होती. दर उन्हाळ्यात राह्यतात. काऊन, काय झालं?"

"काई नाई झालं," मी म्हणाले. "हाच तांदूळ तुमच्या पाठीवरून येते न लेकरं खातात, ते चालते. माह्या हातचा काऊन नाई चालत, तेवढं बाईनं सांगाव. मी तुमाले काई म्हनत नाई, भाऊजी. दवाखान्यात शाम्पू भेटते, घेऊन या."

मघाचीच आई म्हणाली, "व माय, आमच्या घरच्याले बी हायेत अशी." दुसरी म्हणाली, "माह्या पोराले." आणि मग प्रत्येकीच्या घरात कोणाच्या ना कोणाच्या पाठीवर शिबं निघाली. गुरुजींनी हळूच शर्टाची कॉलर वर केली, ते मी पाहिलं, पण सोडून दिलं.

बाई म्हणाली, "मी काई वाईट मनानं नाई केलं." मी म्हणाले, "नसन केलं. पन केलं." दुसऱ्या दिवसापासून पळी माझ्या हातात आली.

राहिलं माझं मानधन, घरी बसवलं त्या दिवसांचं. ते बाईच्या सुनेला मिळालं होतं. गटाच्या बैठकीत मी विषय काढला. एक म्हणाली, सुनेनं द्यावं परत. मी म्हणाले, "तिनं धुरात काम केलं, तिचं तिले राहू द्या. ज्यानं मले बसवलं त्यानं द्याव." बाई चिडली, "आता मी घरातून देऊ का?" मी नेहमीच्या जागी बसले होते, मागे, भिंतीशी. पण या वेळी "बाई म्हनते तेच" म्हणाले नाही. बाकीच्याही बाईकडे बघत राहिल्या.

बाईनं पैसे एकदम दिले नाहीत. बाजाराच्या दिवशी थोडे थोडे, पळसाच्या पानात भाजी गुंडाळावी तसे हातात कोंबून द्यायची, वर बघायची नाही. मीही प्रत्येक वेळी तिच्यासमोर मोजून घेतले. तोवर होळी आली, माझ्या मानेचा रंग भरून आला. पाठीवर सगळ्यात शेवटी आला. भाऊजी शाम्पू घेऊन आले, पण पोतं अजून उघड्या पाठीवरच आणतात.

पुन्हा उन्हाळा लागला आणि गळ्याच्या हाडाखाली एक तपकिरी ठिपका आला. मी खरवडला, कोंडा निघाला. शाम्पू बाहेर काढला. ब्लाउज तोच, मोठ्या गळ्याचा. बाईला दिसला तो ठिपका, चुलीसमोर. ती बघत राहिली. मी म्हणाले, "शिबं होय." ती म्हणाली, "मले दिसून रायलं." आणि गंजाखालचं लाकूड आत सरकवलं.

त्याच दिवशी, मुलं जेवून गेल्यावर, तिनं कमरेच्या पिशवीतून उरलेले पैसे काढले. माझे हात ओले होते, म्हणून म्हणाली, "ठेवतो इथं फळीवर." मी पदराला हात पुसले, घेतले आणि तिच्यासमोर मोजले.

"झाले ना?" तिनं विचारलं.

"झाले. सगळे झाले."